औषध लावलं तरी उवा परत का येतात: फणीवर काय दिसतं ते बघा आणि नववा दिवस चुकवू नका

प्रश्न: मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत. केस कमरेपर्यंत. तीन महिन्यांत तीनदा उवांचं लोशन (परमेथ्रिन) लावलं, दरवेळी एकदा लावलं की दहा-पंधरा दिवस बरं वाटतं आणि परत उवा. लिखा तर काही केल्या निघत नाहीत. आता नक्की लागू पडेल असं कुठलं औषध आणू? आणि तोवर शाळेत पाठवायचं की नाही?

उत्तर:

ताई, मी त्वचारोगाची डॉक्टर आहे आणि शाळेतली मुलं रोज बघते. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी औषध निकामी झालंय असं वाटत नाही, निदान पहिला संशय तो नाही. लोशन लावलं की दहा-पंधरा दिवस बरं वाटतं म्हणजे त्या दिवशी डोक्यात असलेल्या बऱ्याचशा उवा मरत असणार. मेल्या नाहीत त्या लिखा. त्या पुढच्या आठवड्यात फुटतात, पिल्लं वाढतात आणि तुम्हाला दिसायला लागेपर्यंत दोन आठवडे निघून जातात. तुम्ही तीनदा औषध लावलंत पण तिन्ही वेळा अर्धाच कोर्स झाला, दुसरा डोस राहिला. त्यामुळे चौथी बाटली आणायच्या आधी हे समजून घ्या, नाहीतर कितीही भारी औषध आणलं तरी हेच होणार.

उवेचं आयुष्य डोळ्यासमोर असलं की पुढचं सगळं सोपं जातं. मादी ऊ दिवसाला सहा ते आठ अंडी घालते, ती म्हणजे लिखा. ती प्रत्येक लीख केसाला अगदी मुळाशी, टाळूपासून अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास चिकटवते कारण तिथली ऊब अंड्याला लागते. सात ते नऊ दिवसांत लीख फुटते. बाहेर येणारं पिल्लू टाचणीच्या डोक्याएवढं असतं, ते तीनदा कात टाकतं आणि मोठी ऊ व्हायला त्याला निदान आठवडाभर लागतो, बऱ्याचदा त्याहून जास्त. मोठी झाली की एक-दोन दिवसांत ती स्वतः लिखा घालायला लागते आणि डोक्यावर महिनाभर जगते. डोक्यावरून खाली पडली तर रक्त न मिळाल्यामुळे एक-दोन दिवसांत मरते.

आता परमेथ्रिन काय करतं, तर उवेच्या नसांवर हल्ला करतं. पण ताज्या लिखेत पहिले चारेक दिवस नसा तयारच झालेल्या नसतात, मग मारणार कशाला? त्यात लिखेचं कवच असतंच. म्हणून पहिल्या डोसनंतर काही लिखा हमखास जिवंत राहतात. यात तुमची चूक नाही आणि कंपनीचीही नाही, हे औषधच तसं आहे. म्हणून दुसरा डोस नवव्या दिवशी. तोपर्यंत उरलेल्या जवळपास सगळ्या लिखा फुटून पिल्लं बाहेर आलेली असतात पण त्यातलं कुठलंही अजून अंडी घालण्याएवढं मोठं झालेलं नसतं. चौथ्या-पाचव्या दिवशीच घाईने दुसरा डोस दिला तर लिखा अजून बंद असतात आणि पंधराव्या-विसाव्या दिवशी दिला तर तोवर नव्या उवांनी नव्या लिखा घातलेल्या असतात. सात ते दहा दिवस चालतात, नववा सगळ्यात चांगला. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, खरंच सांगते, कारण नवव्या दिवशी मूल खाजवत नसतं आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही.

पण हा झाला माझा अंदाज, तुम्ही तो घरी तपासू शकता आणि तपासाच. उवा परत आल्या असं म्हणताना प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे. ओळखायचं कसं, तर फणीवर किती मोठी ऊ आली आणि औषध लावल्यावर कितव्या दिवशी आली ते बघून. औषध लावल्यापासून आठ ते बारा तासांनी कोरडे केस बारीक फणीने विंचरून बघा. बऱ्याच उवा मेलेल्या आणि एखाद-दुसरी मंद, पाय हलवतेय पण पळत नाही, असं असेल तर औषध काम करतंय, तेव्हा लगेच परत लावायचं नाही, त्या मंद उवा फणीने काढून टाकायच्या. पण बारा तासांनीसुद्धा मेलेली एकही दिसत नाही आणि जिवंत आहेत त्या आधीसारख्याच तुरूतुरू पळतायत, तर एकतर औषध नीट लागलं नाही किंवा त्या उवांवर ते चालत नाही, हा पहिला प्रकार. परमेथ्रिनला दाद न देणाऱ्या उवा जगभर सापडतात, त्यांच्या नसांमध्ये जिथे औषध चिकटतं तिथेच बदल झालेला असतो. तिथे तेच लोशन दुप्पट वेळ ठेवून किंवा दर चार दिवसांनी लावून काही मिळत नाही, त्वचा तेवढी जळजळते.

दुसरा प्रकार म्हणजे दुसऱ्या दिवशी डोकं साफ, मग पाच ते दहा दिवसांनी फणीवर फक्त बारीक बारीक पिल्लं येतात, मोठी एकही नाही. हा लिखा फुटल्याचा प्रकार, तुमचा बहुधा हाच. इथे औषध बदलायची गरज नाही, दुसरा डोस वेळेवर द्यायचा आणि फणी चालू ठेवायची.

तिसरा प्रकार लोकांना अजिबात माहीत नसतो. डोकं साफ झालेलं, मध्ये फणीवर पण काही नाही, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी अचानक एकच मोठी, पोट भरलेली ऊ. लिखेतून निघालेलं पिल्लू इतक्या दिवसांत एवढं मोठं होऊच शकत नाही. म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यातून चालत आलीये.

म्हणून मी सगळ्यांना एक काम सांगते. फणीवर जे मिळेल ते पारदर्शक सेलोटेपने पांढऱ्या कागदावर चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. एका बाईंनी असाच कागद आणला होता, मुलगी नऊ वर्षांची, तक्रार तुमचीच, औषध खोटं आहे म्हणून. त्या कागदावर पहिल्या दिवसाच्या तारखेखाली लहान-मोठ्या सगळ्या उवा होत्या. दुसऱ्या दिवशी मेलेल्या. तिसऱ्या दिवशी ओल्या केसांत फणी फिरवली तेव्हा काहीच नाही. आणि सहाव्या दिवसाच्या तारखेखाली एकटी एक, चांगली तीन मिलिमीटरची, पोटात काळपट लाल रक्त दिसत होतं. बाईंचं म्हणणं, बघा परत झाल्या ना. मी त्यांना विचारलं, घरात अजून कुणाचं डोकं बघितलं? तर म्हणाल्या कुणालाच खाजत नाही. मग मी त्यांनाच खुर्चीत बसवलं, अंबाडा सोडायला सांगितला, आणि मानेच्या वर, केसांच्या अगदी सुरुवातीला, हाताशी फणी लागताच दोन उवा आणि कानामागे तपकिरी लिखा. त्या रात्री मुलीला कुशीत घेऊन झोपायच्या. दोघींवर एकाच दिवशी उपचार केले, दोघींना नवव्या दिवशी दुसरा डोस, औषध तेच जे आधी खोटं ठरलं होतं, आणि दोघींची डोकी साफ झाली. खाज ही उवेच्या लाळेची अॅलर्जी असते, पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर ती अॅलर्जी यायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे खाजत नाही म्हणजे उवा नाहीत असं अजिबात नसतं. उलटही खरं, सगळ्या उवा मेल्या तरी आठ-पंधरा दिवस खाज राहू शकते, तेवढ्यावरून परत लोशन लावू नका, फणी फिरवून बघा.

आता फणी, कारण माझ्या मते निम्मं काम तिचं आहे. कोरड्या केसांत भांग पाडून डोळ्यांनी बघण्यावर भरवसा ठेवू नका, उजेड पडला की ऊ पळते आणि थोड्या असतील तर दिसतच नाहीत. ओल्या केसांत कंडिशनर लावला की उवा साधारण वीस मिनिटं जागच्या जागी गारठल्यासारख्या होतात, मरत नाहीत पण पळता येत नाही, आणि केस निसरडे झाल्यामुळे फणी मुळापासून टोकापर्यंत न अडकता जाते. फणी धातूची घ्या, दात लांब आणि एकमेकांना चिकटल्यासारखे, मधली फट पाव मिलिमीटरच्या आसपास. फणी बरोबर आहे का ते बघायला दात उजेडासमोर धरा, सगळे सरळ आणि सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. प्लॅस्टिकच्या फणीचे दात केसांच्या ओढीने फाकतात आणि पिल्लं मधून निसटतात.

केस ओले करा, पांढऱ्या रंगाचा साधा कंडिशनर भरपूर, म्हणजे अगदी केसांमधून हाताला बुळबुळीत लागेल एवढा, मुळापासून टोकापर्यंत लावा. मग मोठ्या दातांच्या कंगव्याने सगळा गुंता सोडवा, हे टाळू नका, गुंत्यात फणी अडकली की मूल रडतं आणि दोन मिनिटांत काम संपतं. तुमच्या मुलीचे केस कमरेपर्यंत आहेत म्हणजे डोक्याचे चार भाग करा, तीन क्लिपने वर बांधा, एक सोडा. त्यातून बोटाच्या रुंदीएवढी बारीक बट घ्या. फणीचे दात टाळूला टेकवा, नुसते केसांवरून नाही, दात टाळूला लागलेले तिला जाणवले पाहिजेत, आणि तिथून एका दमात टोकापर्यंत ओढा. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या टिश्यूवर पुसा आणि बघा. एकच बट वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. कानामागे आणि मानेवर जास्त वेळ द्या, ऊब तिथे असते आणि उवाही तिथेच. सगळं डोकं झालं की कंडिशनर धुवा आणि परत एकदा ओल्या केसांतून फणी फिरवा. एवढ्या लांब केसांना तासभर लागेल. मुलीला कार्टून लावून द्या, पाठ टेकता येईल अशी बसवा, आणि तिच्यासमोर चेहरा वाकडा करू नका, तिला आधीच लाज वाटत असते.

टिश्यूवर काय शोधायचं? मोठी ऊ दोन-तीन मिलिमीटर, राखाडी-तपकिरी. पिल्लू एक मिलिमीटर, जवळजवळ पारदर्शक, म्हणून टिश्यू खिडकीपाशी किंवा दिव्याखाली बघा आणि दृष्टी कमी असेल तर भिंग घ्या. कंडिशनरच्या पांढऱ्या थरात ती हरवतात, थर थोडा पसरवून बघायचा.

आता लिखांचं, ज्याने सगळे हैराण होतात. लीख केसाच्या एका बाजूला तिरकी चिकटलेली असते, थेंबासारखी, आणि बोटाने ढकलली तर सरकत नाही. कोंडा नुसत्या फुंकरीने उडतो. अजून एक प्रकार असतो, केसाभोवती बांगडीसारखी पांढरी नळी, ती केसावरून सहज वर-खाली सरकते, ती लीख नाहीच, टाळूच्या त्वचेचं आवरण असतं. अशा नळ्यांसाठी महिनोन्महिने लोशन लावलेली मुलं मी बघितलीयेत. तर नियम असा, सरकतं ते सोडून द्या, सरकत नाही ते लीख.

पण प्रत्येक लीख जिवंत नसते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात आणि लीख केसाला धरून तशीच पुढे जाते. त्यामुळे टाळूपासून सेंटीमीटरपेक्षा लांब असलेल्या लिखा जवळपास नेहमी फुटून गेलेल्या किंवा मेलेल्या असतात, पांढऱ्या, रिकाम्या टरफलासारख्या दिसतात. मुळाशी असलेली, तपकिरी, भरलेली लीख, ती महत्त्वाची. तुमच्या मुलीचा त्रास तीन महिने चाललाय म्हणजे तीन-तीन सेंटीमीटरवरही लिखा दिसत असतील. त्या जुन्या आहेत, औषधाने त्या कधीच गळून पडणार नाहीत कारण तो चिकट पदार्थ कुठल्याच लोशनने विरघळत नाही, व्हिनेगरनेही नाही, त्याच्या नादी लागू नका. फणीने न निघालेली लीख अंगठ्याचं नख आणि पहिलं बोट यांच्यात पकडून केसाच्या टोकाकडे ओढून काढायची, अगदीच निघत नसेल तर तो एक केस मुळाशी कापा. मुळाजवळच्या तपकिरी लिखा आधी काढा, लांबच्या पांढऱ्या नंतर सवडीने, त्या दिसायला वाईट एवढंच. नुसत्या लिखा दिसल्या आणि दोन-तीनदा ओली फणी फिरवूनही एकही जिवंत ऊ नाही मिळाली तर औषध लावायचं कारण नाही.

मग औषध कुठलं? पहिला पर्याय १ टक्का परमेथ्रिनच, जर वरच्या बारा तासांच्या तपासणीत उवा मरत असतील तर. पण लावायची पद्धत नीट पाहिजे आणि इथे बहुतेक घरांत गडबड होते. आधी साध्या शाम्पूने केस धुवायचे, ज्यात कंडिशनर नाही असा, कारण कंडिशनरचा थर केसावर बसला की औषध केसाला धरत नाही. टू-इन-वन शाम्पू चालणार नाही. मग टॉवेलने टिपून केस दमट ठेवायचे, टपटपणारे ओले नकोत, औषध पातळ होतं. लोशन कानामागे, मानेवर आणि सगळ्या टाळूला लागेपर्यंत, केस मुळापासून पूर्ण भिजेपर्यंत लावायचं. कमरेपर्यंतच्या केसांना साठ मिलीची एक बाटली पुरेलच असं नाही, दोन लागू शकतात, अर्धी बाटली उरवून ठेवायची काटकसर इथे नको. घड्याळ लावून दहा मिनिटं, आणि मग बेसिनवर डोकं वाकवून, डोळ्यांवर रुमाल धरून कोमट पाण्याने धुवायचं. आंघोळीत धुतलं तर औषध सगळ्या अंगावरून जातं. त्यानंतर दोन दिवस शाम्पू नाही, कंडिशनर नाही. काही लोक खरजेचं ५ टक्क्यांचं क्रीम डोक्याला लावतात, जास्त टक्के म्हणजे जास्त असर असं समजून, ज्या उवा १ टक्क्याला मरत नाहीत त्या त्यानेही मरतील असं मानायला आधार नाही.

बारा तासांच्या तपासणीत उवा ठणठणीत निघाल्या, आणि लावायची पद्धत बरोबर होती, तर परमेथ्रिन सोडा. तिथे मला डायमेथिकोन आवडतं, हे ४ टक्क्यांचं लोशन सिलिकॉनचं असतं, ते नसांवर काम करत नाही, उवेच्या अंगावर थर बसवून तिला आतलं पाणी बाहेर टाकू देत नाही, त्यामुळे परमेथ्रिनला न जुमानणाऱ्या उवाही मरतात. हे कोरड्या केसांना लावायचं, आठ तास किंवा रात्रभर ठेवायचं, सकाळी धुवायचं आणि सात दिवसांनी परत, कारण याच्यातूनही लिखा वाचू शकतात. वेगवेगळ्या उत्पादनांची वेळ वेगळी असते, पाकिटावरची वाचा. आणि हे नीट ऐका, डायमेथिकोन लावलेले केस पेटू शकतात. लावलेलं असताना मुलीला गॅसपाशी, दिव्या-मेणबत्तीपाशी, सिगारेट ओढणाऱ्यापाशी जाऊ देऊ नका, हेअर ड्रायर तर नाहीच.

तेही जमलं नाही तर आयव्हरमेक्टिन आहे, लोशन किंवा गोळी. गोळी वजनावर ठरते, किलोला २०० मायक्रोग्रॅम, दोन डोस सात ते दहा दिवसांच्या अंतराने, आणि पंधरा किलोच्या खालच्या मुलांना देत नाहीत. हे डॉक्टरांनी वजन करून लिहून द्यायचं औषध आहे, शेजारणीच्या मुलीला दिलं होतं म्हणून आणायचं नाही. एक नाव मात्र लक्षात ठेवा, लिंडेन, जुनं औषध आहे, मेंदूवर परिणाम करून झटके आणू शकतं, लहान मुलाच्या डोक्याला लावू नका. रॉकेल, पेट्रोल, झुरळाचे स्प्रे, डांबरगोळ्यांची पूड, कापराचं तेल, हे सगळं माझ्याकडे आणलेल्या मुलांच्या टाळूवर मी बघितलेलं आहे. रॉकेलने भाजतं, कापूर पोटात गेला तर फिट येते. नारळाच्या तेलाचं म्हणाल तर फणी सरकायला ते कंडिशनरसारखंच चांगलं, तेवढ्यासाठी खुशाल वापरा, पण फक्त तेल लावून वेणी घातल्याने उवा जातील यावर विसंबू नका.

तुमच्यापुरतं वेळापत्रक मांडते. रविवारी सुरुवात धरा, सुट्टी असते, आणि दिवस सोमवारपासून मोजा. त्या दिवशी आधी घरातल्या सगळ्यांची डोकी ओल्या फणीने बघा, तुमचं स्वतःचंही, दुसऱ्या कुणाकडून. जिवंत ऊ मिळेल त्या प्रत्येकाला त्याच दिवशी औषध, न मिळेल त्याला नाही. मग कंडिशनर शाम्पूने पूर्ण धुऊन, केस टिपून, वर सांगितलं तसं परमेथ्रिन. सोमवारी सकाळी कोरडी फणी, टिश्यू बघा, मेल्या की पळतायत. पळत असतील तर इथेच थांबा आणि डायमेथिकोनकडे वळा. मेल्या असतील तर शुक्रवारी, म्हणजे पाचव्या दिवशी, कंडिशनर लावून ओली फणी. पिल्लं मिळतील, घाबरायचं नाही, ती अपेक्षितच आहेत, काढून टाका. मोठी मिळाली तर ती बाहेरून आलीये असं धरा आणि परत सगळ्यांची डोकी बघा, मुलगी जिच्याशी डोक्याला डोकं लावून बसते त्या मैत्रिणीच्या आईलाही फोन करा, अवघड वाटलं तरी करा. पुढच्या मंगळवारी नववा दिवस, दुसरा डोस, पहिल्यासारखाच पूर्ण, उरलेल्या औषधाचा नाही. मग तेराव्या आणि सतराव्या दिवशी परत ओली फणी. सतराव्या दिवशी एकही जिवंत ऊ नाही, लहान नाही मोठी नाही, तर झालं. तोपर्यंत झालं म्हणू नका.

कुणाला औषध नकोच असेल तर नुसत्या ओल्या फणीनेही उवा जातात, पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी पूर्ण डोकं, आणि सतराव्या दिवशी तपासणी. फुटलेलं प्रत्येक पिल्लू मोठं व्हायच्या आत पकडायचं हा त्यातला हिशोब. पण कमरेपर्यंतच्या दाट केसांत एक जरी सत्र अर्धवट झालं तरी पहिल्यापासून सुरुवात, म्हणून तुमच्यासाठी मी औषध आणि फणी दोन्ही सांगितलं.

घराची साफसफाई थोडक्यात. गेल्या दोन दिवसांत वापरलेल्या उशांचे अभ्रे, टॉवेल, टोपी, स्कार्फ गरम पाण्यात धुवा, फणी-कंगवे चटका बसेल इतक्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवा. धुता येत नाही ते पिशवीत बंद करून दोन आठवडे बाजूला. गाद्या उन्हात टाकायची, घरात फवारणी करायची काही गरज नाही, ऊ उडत नाही, उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते, बहुतेक सगळी भानगड तिथेच असते.

शाळेत पाठवा, ताई. तुम्हाला आज उवा दिसल्या म्हणजे त्या काही आठवड्यांपासून डोक्यात आहेत, आज घरी बसवून कुणाचा बचाव होणार? औषधाचा पहिला डोस रात्री झाला की दुसऱ्या दिवशी शाळा. लिखा पूर्ण निघेपर्यंत घरी ठेवा असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा की पांढऱ्या रिकाम्या लिखांपासून कुणालाही लागण होत नाही. केस घट्ट वेणीत बांधून पाठवा. कापायचा विचार करत असाल तर खांद्यापर्यंत केले की फणीचं काम अर्ध्यावर येतं, पण मुलीला विचारून, शिक्षा म्हणून नको, आणि टक्कल तर मुळीच नको.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं तर खाजवून टाळूवर मधासारख्या पिवळ्या खपल्या आल्या, पू येतोय, मानेच्या मागे गाठी सुजल्या किंवा ताप आला, तेव्हा आधी जंतुसंसर्गाचं औषध लागतं. दोन महिन्यांखालच्या बाळाच्या डोक्यात उवा दिसल्या तर लोशन लावायच्या आधी विचारा. आणि दोन पूर्ण डोस, बरोबर दिवशी, बरोबर पद्धतीने देऊनही फणीवर जिवंत उवा आल्या तर तो सेलोटेपचा कागद तारखांसकट घेऊन जा, तुमच्या डॉक्टरांना औषध निवडायला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होईल.